तहसीलदाराची नोटीस: भांडण नक्की कुणाशी?

नोटीस येते ती तहसीलदाराच्या सही-शिक्क्याची. वर कार्यालयाचं नाव, जावक क्रमांक, दिनांक. खाली लिहिलेलं असतं की, आपणाकडे अमुक रक्कम येणे असून ती मुदतीत शासनजमा न केल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील तरतुदींनुसार जमीन महसुलाची थकबाकी म्हणून सक्तीने वसूल केली जाईल. ज्याच्या हातात हा कागद पडतो त्याचा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो. शेतसारा तर दरवर्षी भरला आहे, मग महसुलाची थकबाकी आली कुठून?

ही रक्कम शेतसाऱ्याची नसतेच. ती गौण खनिजाचा दंड असेल, कमी भरलेलं मुद्रांक शुल्क असेल, बंद पडलेल्या कारखान्याचा विक्रीकर असेल, राज्य वित्तीय महामंडळाचं जुनं कर्ज असेल. या प्रत्येक रकमेचा कायदा वेगळा आणि ती ठरवणारा अधिकारीही वेगळा. पण त्या त्या कायद्यात एक छोटं वाक्य असतं, की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येईल. त्या एका वाक्यामुळे प्रकरण त्या खात्यातून उठून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदाराकडे येतं. आणि तहसीलदाराच्या हातात जी वसुलीची साधनं आहेत, ती एखाद्या सावकाराला किंवा बँकेला दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं खेटे घालूनही सहज मिळत नाहीत. दावा नाही, हुकूमनामा नाही, दरखास्त नाही. थेट जप्ती आणि लिलाव.

सरकारला हे हत्यार का लागतं, हे समजण्यासारखं आहे. प्रत्येक थकबाकीदारामागे दिवाणी दावा लावायचा म्हटलं तर सरकारी तिजोरीचं येणं कागदावरच राहील. शिवाय या हत्याराचा उपयोग फक्त सरकारलाच होतो असं नाही. कारखान्याने उसाची एफआरपी थकवली की साखर आयुक्त जी ‘आरआरसी’ काढतात, ती याच जातीची. औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगाराची थकलेली रक्कम आणि उपदान कायद्याखाली थकलेली ग्रॅच्युइटी याच मार्गाने वसूल होत आली. बिल्डरने घरखरेदीदाराला द्यायचं व्याजही रेरा कायद्याच्या कलम ४० नुसार याच वाटेने वसूल होतं. म्हणजे या पद्धतीत दुबळ्याचाही फायदा आहे. मात्र ज्याच्यावर ती चालते, त्याला बचावाचे मार्ग कुणी सांगत नाही. नोटिशीत ते लिहिलेले नसतात आणि तहसील कार्यालयाच्या टेबलावर विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आधी भरा, मग बघू.’

या सगळ्यात सर्वांत महाग पडणारी चूक एकच आहे. माणूस चुकीच्या दारात भांडत बसतो. वसुलीच्या प्रकरणात भांडणं दोन असतात. पहिलं रकमेचं: ही रक्कम मी देणं लागतोच का आणि लागत असलो तर इतकी लागतो का? दुसरं रीतीचं: रक्कम खरी असली तरी ती ज्या पद्धतीने, ज्या मालमत्तेतून आणि ज्या माणसाकडून वसूल होते आहे, ते कायद्याला धरून आहे का? विक्रीकराच्या आकारणीबद्दल तहसीलदारापुढे कितीही पोटतिडकीने बोललं तरी उपयोग नाही, कारण ती आकारणी बदलण्याचा त्याला अधिकारच नाही. त्याच्याकडे आलेलं वसुली प्रमाणपत्र तो अमलात आणतो. रकमेचं भांडण प्रमाणपत्र काढणाऱ्या खात्याकडे, त्या खात्याच्या कायद्यात सांगितलेल्या अपिलात न्यावं लागतं. उलट शेतकऱ्याचे बैल जप्त झाले किंवा लिलावाची नोटीस कुठे लागलीच नाही, ही तक्रार विक्रीकर अधिकाऱ्याकडे नेऊन चालत नाही. ती महसूल अधिकाऱ्यांपुढचीच.

दोन्ही भांडणं एकाच कार्यालयात येऊन मिळतात असा एक प्रकार ग्रामीण महाराष्ट्रात रोज घडतो. तो म्हणजे गौण खनिजाचा दंड. संहितेच्या कलम ४८ च्या पोटकलम ७ नुसार, परवानगीशिवाय मुरूम, वाळू, दगड काढणाऱ्याला खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तो आदेश जिल्हाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला, तहसीलदाराच्या दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी काढतो. रक्कम ठरवणारा आणि वसूल करणारा इथे बहुधा तोच असतो. म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट पाहावं. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी प्रत्यक्षातली आहे.

एका शेतकऱ्याने स्वतःच्या रानात शेततळ्यासाठी खड्डा घेतला. चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद, दहा फूट खोल. वरची तीन फूट काळी माती त्याने शेजारच्या खडकाळ पट्ट्यावर पसरली. खालचा सात फूट मुरूम निघाला तो रस्त्याच्या ठेकेदाराच्या डंपरमधून गेला. कुणीतरी तक्रार केली. मंडळ अधिकारी आणि तलाठी आले, टेप लावला, पंचनामा केला. शेतकरी त्या दिवशी बाजाराला गेला होता. पंचनाम्यात लिहिलं गेलं: बारा हजार घनफूट, म्हणजे १२० ब्रास मुरूम विनापरवाना उत्खनन. शंभर घनफुटांचा एक ब्रास, त्यामुळे हिशोब बरोबर दिसतो. बाजारभाव ब्रासला १,२०० रुपये धरला, म्हणजे १,४४,००० रुपये. त्याची पाचपट ७,२०,०००. त्यावर ब्रासला ६०० रुपयांप्रमाणे स्वामित्वधन ७२,०००. एकूण ७,९२,००० रुपयांचा आदेश.

या आदेशात तीन ठिकाणी भांडायला जागा आहे आणि तिन्ही रकमेच्या भांडणातल्या.

पहिली जागा खनिजाच्या प्रकाराची. मुरूम हे गौण खनिज आहेच. पण साध्या मातीचं तसं नाही. केंद्र सरकारच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने साधी माती गौण खनिज ठरवली ती एका विशिष्ट वापरापुरती: बांध, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामात भराव किंवा सपाटीकरणासाठी वापरली तर. याच मुद्द्यावर पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. इमारतीच्या पायासाठी खणलेली माती त्याच भूखंडावर वापरली, तरी महसूल खात्याने कलम ४८ (७) खाली दंड लावला होता. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, नुसतं खोदकाम झालं म्हणून दंड लागत नाही, काढलेल्या मातीचा वापर कशासाठी झाला हे पाहावं लागतं. आपल्या शेतकऱ्याने वरची काळी माती पिकासाठी रानात पसरली आहे. चाळीस गुणिले तीस गुणिले तीन, म्हणजे ३,६०० घनफूट, ३६ ब्रास. हे ३६ ब्रास ‘मुरूम’ म्हणून दंडात घालणं चूक आहे, असं तो ठामपणे म्हणू शकतो. पण नुसतं म्हणून भागत नाही. माती पसरलेल्या पट्ट्याचे फोटो हवेत, खड्ड्याच्या कडेला दिसणारे थर मोजून नोंदवलेले हवेत आणि शक्य असेल तर फेरमोजणीचा अर्ज पहिल्या पावसाआधी द्यायला हवा. एकदा खड्डा पाण्याने भरला की थरही गेले आणि पुरावाही गेला.

दुसरी जागा पटीची. कायदा ‘पाचपटीपर्यंत’ म्हणतो. पाचपट ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. पहिल्यांदा घडलेला प्रकार आणि पोकलेन लावून रोज रात्री नदी उपसणारा, या दोघांना एकाच पटीने मोजायचं का, याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत. ती दिसत नसतील तर तो आदेशातला दोष आहे. आपल्या उदाहरणात उरलेल्या ८४ ब्रासचं मूल्य १,००,८०० रुपये होतं. पाचपट लावली तर ५,०४,०००, दुप्पट लावली तर २,०१,६००. बाजारभाव १,२०० कुठून आला, हाही प्रश्न त्यातच येतो. तो दर कोणत्या कागदावरून घेतला हे विचारायचा आणि त्याला उत्तर द्यायचा हक्क शेतकऱ्याला आहे. त्याच वेळी हेही खरं की, ठेकेदाराला गेलेल्या ८४ ब्रासची जबाबदारी त्याला टाळता येणार नाही. ‘शेततळं माझं, जमीन माझी’ हा बचाव तिथे चालत नाही, कारण शेताच्या बांधबंदिस्तीचं निमित्त सांगून काढलेलं खनिजसुद्धा हे कलम आपल्या कक्षेत घेतं.

तिसरी जागा सुनावणीची. पंचनामा माघारी झाला, त्याची प्रत दिली नाही, खुलासा मागवला नाही आणि एकदम आदेश आला, तर नैसर्गिक न्यायाचं तत्त्व मोडलं गेलं. अशा आदेशांना उच्च न्यायालयाने वेळोवेळी रद्द करून प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवलं आहे. कारणे दाखवा नोटीस आली असेल तर मात्र चित्र उलट होतं. पुष्कळ लोक त्या नोटिशीला उत्तरच देत नाहीत. पुढे अपिलात ‘मला ऐकून घेतलं नाही’ म्हणायची सोय मग राहत नाही. लेखी खुलासा, सोबत पंचनाम्याची प्रत मागणारा अर्ज आणि दोन्हीवर आवक शिक्का घेतलेली आपली प्रत, एवढं केलं की निम्मी लढाई कागदावर उभी राहते.

आदेशाविरुद्ध अपील तहसीलदाराचा असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतांकडे. मुदत साठ दिवसांची. ती आदेश मिळाल्यापासून मोजतात आणि प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. आदेश २५ जूनला हातात पडला तर साठावा दिवस २४ ऑगस्ट. नकलेसाठी अर्ज करून ती मिळायला आठ दिवस गेले असतील तर १ सप्टेंबर. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे आणि तिथे मुदत नव्वद दिवसांची. उशीर झाला तर तो माफ करण्याची तरतूद आहे, पण कारण पटण्याजोगं हवं.

इथेच बरेच लोक फसतात. अपील दाखल झालं म्हणजे वसुली थांबली, असं ते समजतात. ती थांबत नाही. अपिलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, त्यावर आदेश घ्यावा लागतो आणि तो आदेश तहसील कार्यालयात स्वतः नेऊन द्यावा लागतो. स्थगिती नाकारली तर त्या नकारावर अपील नाही. मग पुनरीक्षण किंवा उच्च न्यायालयातली रिट याचिका एवढेच रस्ते उरतात. अपील पडून आहे आणि इकडे सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सात लाख ब्याण्णव हजारांचा बोजा चढला, असं म्हणूनच होतं. बोजा चढला की सोसायटीचं पीककर्ज अडतं, खरेदीखत अडतं, वाटणीही अडते. जप्ती न होताच माणूस कोंडीत सापडतो. बोजाची नोंद फेरफाराने होते आणि फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना मिळायला हवी. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती नोंद विवादग्रस्त ठरते आणि मंडळ अधिकाऱ्याला सुनावणी घ्यावी लागते.

स्थगिती मिळत नाही, लिलावाची तारीख जवळ आली आहे आणि रक्कम तर मान्य नाही, अशा वेळी संहितेतली एक तरतूद फार मोलाची आहे. कलम १९१ नुसार, ज्याच्याविरुद्ध वसुली चालू आहे तो मागितलेली रक्कम आपला निषेध नोंदवून भरू शकतो. रक्कम भरताच वसुलीची कारवाई थांबते आणि रकमेबद्दलचं भांडण पुढे चालवण्याचा मार्ग मोकळा राहतो. रोख भरणं शक्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांना समाधानकारक वाटेल असं तारण किंवा जामीन देऊनही कारवाई थांबवता येते, अटकेत असलेल्या माणसाची सुटकासुद्धा होते. अट एवढीच की निषेध लेखी हवा. चलन भरताना सोबत अर्ज द्यायचा: ‘सदर रक्कम मला मान्य नाही. केवळ सक्तीची कारवाई टाळण्यासाठी, माझे सर्व हक्क राखून, निषेधासह भरत आहे.’ त्यावर पोच घ्यायची. हा कागद नसेल तर पुढे ‘तुम्ही तर निमूट भरलेत’ असं ऐकावं लागतं आणि मग परताव्याची वाट अवघड होते.

आता दुसरं भांडण, रीतीचं. कलम १७६ मध्ये वसुलीचे मार्ग दिले आहेत: मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची अटकावणी व विक्री, स्थावर मालमत्तेची जप्ती व विक्री, स्थावर मालमत्ता जप्त करून ताब्यात व व्यवस्थापनाखाली घेणं आणि अटक. ज्या जमिनीचा सारा थकला असेल ती भोगवटा जमीन सरकारजमा करण्याचा मार्गही आहे, पण तो त्या जमिनीच्या साऱ्यापुरता. पुढे याच कलमात संरक्षणंही आहेत आणि ती वाचताना कायदा करणाऱ्यांनी घर डोळ्यांपुढे ठेवलं होतं हे जाणवतं. थकबाकीदाराचे, त्याच्या बायकोमुलांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्माच्या रूढीनुसार स्त्री अंगावेगळे करत नाही असे दागिने जप्त होत नाहीत. कारागिराची हत्यारं सुटतात. शेतकऱ्याची अवजारं सुटतात, उपजीविकेसाठी लागणारी जनावरं आणि बियाणं सुटतं, पुढच्या हंगामापर्यंत कुटुंबाला आणि शेतीला लागेल एवढं धान्य सुटतं. तो राहतो ते त्याचं घरही सुटतं. पण यंत्रावर चालणारं अवजार सुटत नाही. म्हणजे बैलजोडी दावणीला राहते आणि ट्रॅक्टर जाऊ शकतो. १९६६ साली ट्रॅक्टर ही श्रीमंताची खूण होती. आज तीन एकरवाल्याच्या दारातही कर्जाचा ट्रॅक्टर उभा असतो आणि त्याच्या उपजीविकेचं तेच साधन असतं. या अपवादाचा फेरविचार व्हायला हवा, असं स्पष्टपणे म्हणावंसं वाटतं.

लिलावाची रीतही बांधलेली आहे. उद्घोषणा मराठीत निघाली पाहिजे, तिच्यात वेळ आणि ठिकाण हवं. नोटिसा ठरलेल्या ठिकाणी लागल्या पाहिजेत. शेवटची नोटीस लागल्यापासून स्थावरासाठी किमान तीस दिवस आणि जंगमासाठी सात दिवस गेल्याशिवाय विक्री होत नाही. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशीही होत नाही. हातोडा पडण्याआधी कुणीही थकबाकी आणि खर्च भरला तर लिलाव थांबतो. पडल्यानंतरही तीस दिवस हातात असतात. त्या मुदतीत मालकाने सगळी थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या रकमेच्या पाच टक्के भरले तर विक्री रद्द करून घेता येते. किंवा प्रसिद्धीत, लिलाव चालवण्यात मोठी अनियमितता, चूक वा लबाडी झाली असेल तर त्या कारणावर अर्ज करता येतो. मात्र अनियमितता किंवा चूक दाखवताना तिच्यामुळे आपलं खरोखर मोठं नुकसान झालं हेही सिद्ध करावं लागतं. चावडीवर नोटीस लागली नाही एवढं पुरत नाही. ती न लागल्यामुळे बोली लावणारे आले नाहीत आणि जमीन कवडीमोलाने गेली, हे आकड्यांनी दाखवावं लागतं.

अटकेची भीती सर्वांत मोठी असते, म्हणून तिच्या मर्यादा नीट सांगायला हव्यात. कलम १८३ नुसार थकबाकीदाराला जिल्हाधिकारी किंवा तहसील कार्यालयात दहा दिवसांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं आणि तरीही पैसे आले नाहीत तर दिवाणी तुरुंगात पाठवता येतं. पण दोन अटी आहेत. थकबाकी जाणूनबुजून ठेवलेली असली पाहिजे आणि अटकेपूर्वी त्याला कारणं मांडायची संधी दिली पाहिजे. पैसे नसणं वेगळं आणि असून न देणं वेगळं. तुरुंगातला काळ दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासाठी कायद्याने जेवढा ठरवला आहे त्यापलीकडे जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत पाच हजारांवरच्या रकमेसाठी तो तीन महिने आहे आणि दोन हजारांपर्यंतच्या रकमेसाठी तुरुंगच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात दिवाणी कर्जाबाबत सांगितलं की, केवळ गरिबीमुळे देता आलं नाही म्हणून माणसाला डांबणं घटनेच्या २१ व्या कलमाशी विसंगत आहे. महसुली अटकेला उत्तर देताना हा निकाल हाताशी असावा.

कुणाकडून वसूल होतं आहे, हाही रीतीचाच प्रश्न. लिलावात थकबाकीदाराचा जेवढा हक्क आणि हितसंबंध आहे तेवढाच विकता येतो. सातबारावर तीन भावांची नावं असतील आणि दंड एकाचा असेल, तर उरलेल्या दोघांचा हिस्सा जाऊ शकत नाही. वडिलांच्या देण्यासाठी मुलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेला हात लागत नाही, वडिलांकडून जे आलं तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी. खासगी मर्यादित कंपनीची थकबाकी संचालकाच्या घरातून वसूल करायची तर त्या त्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद हवी, केवळ तो संचालक होता एवढं कारण पुरत नाही. या हरकती जप्तीच्या टप्प्यावरच लेखी घ्याव्यात.

आणि किती जुनी थकबाकी? राज्य वित्तीय महामंडळांची कर्जं वीस-पंचवीस वर्षांनी वर आली तेव्हा हा प्रश्न फार लोकांना पडला. केरळमधल्या अशाच प्रकरणात, १९९९ च्या कल्लियानीकुट्टी निकालात, सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर दिलं. मुदतबाह्य झालेलं कर्ज, जे दिवाणी दाव्याने वसूल होऊ शकत नाही, ते महसुली वसुलीच्या मार्गानेही वसूल करता येणार नाही. हा कायदा वसुली जलद करण्यासाठी आहे, मेलेला हक्क जिवंत करण्यासाठी नाही. तो निकाल केरळच्या कायद्यावर आणि कर्जाच्या रकमेवर होता. कर किंवा दंडाला तो जसाच्या तसा लागू होईल असं गृहीत धरू नये. पण जुन्या कर्जाची नोटीस आली तर पहिलं काम म्हणजे शेवटचा हप्ता कधी भरला, कर्जाची लेखी कबुली कधी दिली याच्या तारखा काढणं.

ज्यांनी बँकेच्या लिलावात घर किंवा गाळा घेतला आणि नंतर आधीच्या मालकाच्या कराचा बोजा समोर आला, त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. खऱ्या जमीन महसुलाचा त्या जमिनीवर सर्वांच्या आधीचा हक्क असतो. पण ‘महसुलाच्या थकबाकीप्रमाणे’ वसूल होणाऱ्या इतर रकमांना कलम १६९ फक्त तारण नसलेल्या कर्जांच्या पुढे बसवतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात, केंद्रीय नोंदणीत तारण नोंदवलेल्या बँकेचा हक्क विक्रीकराच्या थकबाकीच्या आधी येतो, असा निर्वाळा दिला. अशा खरेदीदाराने बोजा कमी करण्याचा अर्ज करताना बँकेच्या तारण नोंदणीची तारीख आणि करखात्याच्या जप्तीची तारीख शेजारी शेजारी मांडावी.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आणि कोकणात किंवा विदर्भात वडिलोपार्जित जमीन असलेल्यांना एक गोष्ट माहीत नसते. एका जिल्ह्यातली थकबाकी दुसऱ्या जिल्ह्यातल्या, अगदी दुसऱ्या राज्यातल्याही मालमत्तेतून वसूल करण्यासाठी १८९० चा महसूल वसुली कायदा आजही चालू आहे. पुण्याचे जिल्हाधिकारी प्रमाणपत्र पाठवतात आणि सिंधुदुर्गचे जिल्हाधिकारी ती रक्कम आपल्याच जिल्ह्याची थकबाकी असल्यासारखी वसूल करतात. सिंधुदुर्गात जाऊन ‘रक्कम चुकीची आहे’ म्हणून सांगितलं तर ते ऐकूच शकत नाहीत, कारण तिथे ते प्रमाणपत्र निर्णायक पुरावा मानलं जातं. त्या कायद्याच्या कलम ४ नुसार लेखी निषेधासह रक्कम भरायची आणि परताव्याचा दावा लावायचा तो पुण्याच्या दिवाणी न्यायालयात. पहिल्या भांडणाचं दार इथे शब्दशः दुसऱ्या जिल्ह्यात आहे.

सगळे मार्ग संपले आणि लिलावात कुणी बोलीच लावली नाही, तर काय? खेड्यात हे नेहमी घडतं. शेजाऱ्याच्या जप्त जमिनीवर बोली लावायला गावकरी धजत नाहीत. तेव्हा कलम २२० नुसार जिल्हाधिकारी ती जमीन एक रुपयाच्या नाममात्र बोलीवर सरकारसाठी विकत घेऊ शकतात. अशा जमिनी सातबारावर ‘आकारी पड’ म्हणून सरकारच्या नावे दिसतात. बऱ्याच ठिकाणी मूळ कुटुंबच ती कसत राहिलं आणि नातवाच्या पिढीला कर्ज काढायला गेल्यावर जमीन आपली नाही हे कळलं. बारा वर्षांच्या आत देणं भरून ती परत मिळवता येत होती, त्यानंतर वाट बंद होती. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कलमात सुधारणा करून बाजारमूल्याच्या पाच टक्के रक्कम भरून घेऊन अशा जमिनी मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी लागणारे कागद म्हणजे जुना सातबारा, जमीन सरकारजमा झाल्याचा फेरफार आणि वारसनोंद. त्यातला जुना फेरफार तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळतो. नकलेच्या अर्जात फेरफाराचा क्रमांक, गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर लिहावा लागतो.